पंच्याऐंशीचा भाव आणि सहा लाखांचा वाद

२०२५ च्या फेब्रुवारीत एक डॉलर ८७ रुपयांच्या पुढे गेला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तोच ८४-८५ च्या घरात उतरला. ऑगस्टच्या अखेरीस त्याने प्रथमच ८८ ची पायरी ओलांडली आणि डिसेंबरात ९० पार केले. एवढे चढउतार एका वर्षातले. ज्यांचा माल परदेशात जातो आणि पैसे तीन-चार महिन्यांनी डॉलरमध्ये येतात, त्यांच्या कारखान्यात त्या वर्षात एक वाद हमखास झाला असणार. मालक विचारतो, ‘फॉरवर्ड कशाला बुक केलं? नसतं केलं तर सहा लाख जास्त मिळाले असते.’ हिशेबनीस खाली मान घालतो.

हिशेबनिसाने मान खाली घालायचे कारण नाही. चूक मालकाच्या हिशेबात आहे, आणि ती इतकी सर्रास होते की तिच्यापायी अनेक निर्यातदार चुकीच्या वेळी फॉरवर्ड करतात आणि चुकीच्या वेळी सोडून देतात.

एक उदाहरण पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले डॉलरचे भाव त्या महिन्यांतल्या खऱ्या बाजाराच्या आसपासचे आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना. मेच्या सुरुवातीला त्याला अमेरिकेतल्या एका खरेदीदाराची दोन लाख डॉलरची ऑर्डर मिळाली. माल दोन खेपांत जायचा आणि दोन्ही खेपांचे पैसे ऑगस्टमध्ये यायचे. सूत, रंग, वीज, मजुरी, पॅकिंग, बंदरापर्यंतचे भाडे असा सगळा खर्च १ कोटी ६० लाख. मालकाने डॉलर ८४ रुपये धरून भाव दिला होता. म्हणजे येणार १ कोटी ६८ लाख आणि राहणार ८ लाख.

या मांडणीत एक आकडा दडलेला आहे. १ कोटी ६० लाखांना दोन लाखांनी भागले की ८० येतात. डॉलर ८० च्या खाली गेला तर कारखाना पदरचे पैसे घालून टॉवेल विकणार. मेमध्ये डॉलर नुकताच तीन रुपये घसरला होता आणि आणखी घसरेल असे म्हणणारेही होते. दोन लाख डॉलरच्या ऑर्डरवर प्रत्येक रुपयामागे दोन लाखांचा फरक पडतो, आणि सगळा नफा आठ लाखांचा. चार रुपये इकडेतिकडे झाले की वर्षातली एक चांगली ऑर्डर फुकट.

हिशेबनीस बँकेत फोन करून फॉरवर्ड बुक करतो. करार साधा आहे. कारखाना ठरलेल्या तारखेला ठरलेले डॉलर बँकेला देईल आणि बँक आज ठरलेल्या भावाने त्याचे रुपये देईल. भाव कसा ठरतो, हे मात्र बहुतेकांना नीट ठाऊक नसते. बँक भविष्य पाहून भाव देत नाही. रुपयावरचे व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असते, तेवढा फरक ती आजच्या भावात मिळवते. कारण बँकेच्या दृष्टीने हा व्यवहार असा होतो: आज डॉलर उसने घेऊन विकायचे, आलेले रुपये व्याजाने ठेवायचे, आणि निर्यातदाराचे डॉलर आले की उसने फेडायचे. रुपयावर मिळालेले व्याज डॉलरवर द्याव्या लागलेल्या व्याजापेक्षा जितके जास्त, तितका प्रीमियम. २०२५ मध्ये हा फरक वर्षाला सुमारे दोन टक्के होता.

आजचा भाव, म्हणजे स्पॉट, ८४ रुपये ६० पैसे. जुलैअखेरपर्यंतचा प्रीमियम ४५ पैसे. बँकेने स्वतःसाठी ५ पैसे कापले. करार झाला ८५ रुपयांना.

ऑगस्टमध्ये पैसे येणार असताना प्रीमियम जुलैअखेरपर्यंतचाच का? कारण नेमकी तारीख माहीत नव्हती म्हणून कारखान्याने १ ते ३१ ऑगस्ट अशी महिन्याची मुभा घेतली. या मुभेत कधीही डॉलर दिले तरी ८५ चाच भाव. पण तारीख निवडण्याचा हक्क निर्यातदाराला दिला की बँक त्याला प्रीमियम सर्वांत अलीकडच्या तारखेपर्यंतचाच देते, म्हणजे स्वतःला सर्वांत सोयीचा. ३१ ऑगस्टची ठाम तारीख दिली असती तर आणखी पंधरा पैशांच्या आसपास मिळाले असते, दोन लाख डॉलरवर ३० हजार. ही मुभेची किंमत कुठल्याही कागदावर वेगळी छापलेली नसते. बँकेने कापलेले पाच पैसेही तसेच. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा मंच सुरू केला तो याचसाठी, की लहान ग्राहकाला बाजारभाव आणि बँकेची कात्री वेगवेगळी दिसावी. बँकेशी फोनवर बोलताना एक सवय उपयोगी पडते. ‘भाव किती?’ असे न विचारता ‘स्पॉट किती, प्रीमियम किती, तुमचे किती?’ असे तीन प्रश्न विचारायचे.

आता ऑगस्टचा शेवट. डॉलर ८८. सगळा माल गेला, सगळे पैसे आले असे आधी धरू. मुदतीच्या दिवशीचा हिशेब एका ओळीचा आहे:

नफा किंवा तोटा = (करारभाव − मुदतीच्या दिवशीचा भाव) × डॉलर

८५ वजा ८८ म्हणजे उणे ३. गुणिले दोन लाख. उणे सहा लाख. मालकाच्या तोंडातला आकडा हाच. आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ काय?

कारखान्याच्या खात्यात त्या दिवशी १ कोटी ७० लाख जमा झाले. खर्च १ कोटी ६० लाख. मेमध्ये ठरवलेला नफा आठ लाखांचा होता, प्रत्यक्षात दहा लाख झाला. सहा लाख कुणी कुणाला दिले नाहीत, कुठल्याही खात्यातून ते गेले नाहीत. घराचा आगीचा विमा उतरवला आणि वर्षभर आग लागली नाही, म्हणून हप्ता बुडाला असे कुणी म्हणत नाही. इथे तर हप्ताही भरलेला नाही, उलट प्रीमियम निर्यातदारालाच मिळाला. विम्याशी एक फरक मात्र आहे आणि तो लपवता कामा नये. विमा नुकसान भरून देतो आणि चांगले दिवस आपल्यापाशी राहू देतो. फॉरवर्ड वाईट दिवसांबरोबर चांगले दिवसही काढून घेतो. चांगले दिवस राखायचे असतील तर ऑप्शन घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता आधी रोख भरावा लागतो.

फेब्रुवारीत हाच कारखाना हेच करता, तर चित्र उलटे दिसले असते. फेब्रुवारीच्या अखेरीस स्पॉट ८७ रुपये ४० पैसे, प्रीमियम ४० पैसे, बँकेचे ५ पैसे. करार ८७ रुपये ७५ पैशांचा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुदत संपताना डॉलर ८४ रुपये ६० पैसे. फरक ३ रुपये १५ पैसे, दोन लाख डॉलरवर ६ लाख ३० हजारांचा ‘नफा’. त्या महिन्यात हिशेबनिसाचे कौतुक झाले असते आणि ऑगस्टमध्ये त्यालाच बोलणी बसली असती, जरी दोन्ही वेळा त्याने केले एकच काम.

म्हणून मुदतीच्या दिवशीचा भाव ही मोजपट्टी चुकीची आहे. मोजायचे ते कॉस्टिंगच्या भावाशी. ८४ धरून दर दिला, ८५ ला करार झाला. फॉरवर्डने प्रत्येक डॉलरमागे एक रुपया दिला, आणि हे मेमध्येच कळले होते. करार ८३ ला होत असता तर तेव्हाच कळले असते की दर चुकलाय, आणि खरेदीदाराशी बोलायला वेळही मिळाला असता.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अनुभवी निर्यातदार म्हणतात की रुपया शेवटी घसरतोच. २०१० मध्ये डॉलर ४५-४६ ला होता, २०२५ च्या अखेरीस नव्वदच्या घरात गेला. मग जो सतत फॉरवर्ड करत राहिला तो सतत कमी भावात विकत राहिला, नाही का?

याचे पहिले उत्तर असे की घसरणीचा काही भाग प्रीमियमच्या रूपाने निर्यातदाराला आधीच मिळत असतो. रुपया वर्षाला दोन टक्के घसरला आणि प्रीमियमही दोन टक्केच असला, तर फॉरवर्ड करणारा आणि न करणारा दोघेही सारखेच. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. ऑर्डरचे आयुष्य चार महिन्यांचे असते. पंधरा वर्षांचा कल खरा असला, तरी कारखान्याचा कर्जाचा हप्ता त्या कलावर भरता येत नाही. २००७ मध्ये हे पुरते अनुभवाला आले. वर्षाच्या सुरुवातीला ४४ च्या आसपास असलेला डॉलर वर्षाअखेर ३९ च्या घरात आला. कपडे, टॉवेल, चामडे अशा पाच-सात टक्क्यांच्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्यांचा सगळा नफा त्या एका वर्षात रुपयाने गिळला.

त्यानंतर जे झाले ते जास्त शिकवणारे आहे. पोळलेल्या निर्यातदारांना काही बँकांनी असे करार विकले, ज्यांत आधी काही भरावे लागत नव्हते आणि साध्या फॉरवर्डपेक्षा भाव चांगला मिळत होता. आत मात्र अटी होत्या. भाव अमुक पातळीच्या पुढे गेला तर दुप्पट डॉलर द्यायचे. काही करार तर येन किंवा स्विस फ्रँकच्या भावाला बांधलेले, ज्यांचा त्या निर्यातदाराशी काही संबंध नव्हता. २००८ च्या सुरुवातीला ३९-४० असलेला डॉलर मार्च २००९ मध्ये ५१ च्या वर गेला. ज्यांनी धंद्यापेक्षा जास्त डॉलर विकून ठेवले होते त्यांना ते बाजारातून महाग घेऊन द्यावे लागले. प्रकरणे न्यायालयांत गेली. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्ह व्यवहारांतल्या नियमभंगाबद्दल १९ बँकांना दंड केला. साधा फॉरवर्ड आणि ते करार यांतला भेद एकाच प्रश्नाने ओळखता येतो: ‘वाईटात वाईट झाले तर मला किती डॉलर द्यावे लागतील?’ उत्तर ऑर्डरच्या रकमेपेक्षा मोठे असेल तर तो फॉरवर्ड नव्हे.

तेव्हा साध्या फॉरवर्डमध्ये खरा धोका भावाचा नाहीच. तो असतो रकमेचा आणि तारखेचा. ८५ ला विकलेले डॉलर प्रत्यक्ष आले तर ८८ चा भाव निव्वळ हळहळीचा विषय. डॉलर आलेच नाहीत तर मात्र ते तीन रुपये खिशातून जातात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नेमके हेच घडण्यासारखी स्थिती होती. ७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एवढ्या शुल्कात टॉवेलसारख्या मालाला अमेरिकेच्या बाजारात टिकणे कठीण. आता आपल्या कारखान्याचा खरेदीदार पहिली खेप घेतो, तिचे एक लाख डॉलर देतो आणि दुसरी खेप थांबवतो, असे धरू.

फॉरवर्ड दोन लाखांचा आहे. एक लाख डॉलर ८५ ने दिले गेले. उरलेल्या एक लाखांचा करार रद्द करावा लागतो, आणि रद्द करणे म्हणजे फाडून टाकणे नव्हे. बँकेने ते डॉलर आपल्याला मिळणार हे गृहीत धरून आधीच पुढे विकलेले असतात. ती कारखान्याच्या वतीने बाजारातून डॉलर घेते, म्हणून इथे बँकेचा विक्रीचा भाव लागतो. बाजारात ८८ असेल तर बँक ८८ रुपये १० पैसे लावते. फरक ३ रुपये १० पैसे, एक लाख डॉलरवर ३ लाख १० हजार. शिवाय रद्द करण्याचे शुल्क. हे पैसे त्याच दिवशी खात्यातून वळते होतात. मालकाचे सहा लाख कागदावरचे होते, हे तीन लाख नोटांचे आहेत. आणि गोदामात ८० लाख खर्चाचे टॉवेल पडून आहेत ते वेगळेच.

डॉलर उलट ८३ ला आला असता तर रद्द केल्यावर बँकेनेच कारखान्याला जवळपास दोन रुपयांचा फरक दिला असता. इथे मोह होतो. ऑर्डर नसताना करार करायचे आणि भाव खाली आला की रद्द करून फरक खिशात घालायचा, असा खेळ कुणी करू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने एक अडसर ठेवला आहे. सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांत अपेक्षित, म्हणजे अजून न ठरलेल्या व्यवहारांवरही करार करता येतो. पण त्यातला निव्वळ नफा ग्राहकाच्या हाती तो व्यवहार प्रत्यक्ष झाल्यावरच पडतो. तोट्याला अशी वाट पाहावी लागत नाही.

तारीख चुकली तर काय होते? ऑर्डर रद्द नाही, खरेदीदार फक्त म्हणाला की दोन्ही खेपांचे पैसे सप्टेंबरअखेर देतो. जुना ८५ चा भाव पुढच्या महिन्यात तसाच नेता येत नाही. जुना करार रद्द होतो आणि नवा आजच्या भावाने होतो. ऑगस्टअखेर ८८ रुपये १० पैशांनी रद्द केल्याचे ६ लाख २० हजार आज भरायचे. सप्टेंबरचा नवा करार स्पॉट ८८, प्रीमियम १५ पैसे, बँकेचे ५ पैसे, म्हणजे ८८ रुपये १० पैशांना. महिन्याने त्या भावाने १ कोटी ७६ लाख २० हजार येतील. त्यातून भरलेले ६ लाख २० हजार वजा केले की पुन्हा तेच १ कोटी ७० लाख. तोटा काहीच नाही. पण सहा लाख वीस हजार महिनाभर कुठून आणायचे हा प्रश्न खराच, आणि लहान कारखान्याच्या कॅश क्रेडिटला एवढा ताण पुरेसा असतो. चांगल्या फॉरवर्डवरही कारखाना अडचणीत येतो तो इथे. मुदत संपूनही बँकेला काहीच न कळवणे हा त्याहून वाईट मार्ग. काही दिवसांनी बँक करार आपोआप रद्द करते आणि त्या दिवशी जो भाव असेल तो मुकाट्याने घ्यावा लागतो.

आणखी एक चूक हिशेबाच्या वहीतच लपते. पुष्कळ निर्यातदार माल तयार करायला बँकेकडून डॉलरमध्ये पॅकिंग क्रेडिट घेतात, कारण व्याज कमी पडते. हे डॉलर आजच्या भावाने रुपयांत बदलले जातात आणि पुढे खरेदीदाराच्या डॉलरमधून कर्ज फिटते. म्हणजे तेवढे डॉलर आजच विकून झाले. त्यावर पूर्ण ऑर्डरचा फॉरवर्ड केला तर तेच डॉलर दोनदा विकले गेले. सव्वा लाख डॉलरचे पॅकिंग क्रेडिट असेल तर उघडा धोका पाऊण लाखाचाच आहे. रंग-रसायने आयात होत असतील तर त्यांचे डॉलरही याच ठिकाणी वजा व्हायला हवेत.

मग करायचे किती? ऑर्डर हाती आहे, पण ती रद्द होऊ शकते, उशीर होऊ शकतो, खरेदीदार सवलत मागू शकतो. आणि रुपया घसरला की तो सवलत मागतोच, कारण त्यालाही भाव दिसत असतो. तेव्हा सगळ्या रकमेचा करार करणे म्हणजे खरेदीदाराच्या शब्दावर बँकेला शब्द देणे. किती टक्के, हे बाजाराच्या अंदाजावरून ठरवण्यापेक्षा खरेदीदाराच्या जुन्या वागण्यावरून ठरवावे. दहा वर्षांत एकही ऑर्डर न मोडणाऱ्याच्या बिलावर जवळजवळ पूर्ण करार चालेल. नव्या, एकाच देशावर विसंबलेल्या खरेदीदाराच्या बिलावर साठ टक्के पुरे.

आपल्या कारखान्याने साठ टक्के, म्हणजे १ लाख २० हजार डॉलरचा करार केला असता तर ऑगस्टचा हिशेब असा झाला असता. पहिल्या खेपेचे एक लाख डॉलर ८५ ने, ८५ लाख. तिचा खर्च ८० लाख. राहिले पाच लाख. रद्द करायला उरले २० हजार डॉलर, त्यांचे ३ रुपये १० पैशांप्रमाणे ६२ हजार. बँकेचे शुल्क सोडले तर हाती ४ लाख ३८ हजार. पूर्ण करार केलेल्याच्या हाती पाच लाखांतून ३ लाख १० हजार जाऊन १ लाख ९० हजार. काहीच करार न केलेल्याला मात्र ८८ च्या भावाने पहिल्या खेपेवर आठ लाख राहिले असते. त्या महिन्यात तोच शहाणा ठरला असता, आणि मालकाच्या वादाला तेवढाच आधार आहे. पण त्याच मालकाने फेब्रुवारीत ८६ धरून मेच्या पैशांसाठी दर दिला असता आणि करार केला नसता, तर दोन लाख डॉलरवर २ लाख ८० हजार कमी आले असते, आणि ते कुठे गेले हे त्याला कळलेही नसते. कारण न केलेल्या कराराचा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

तो लिहायला सुरुवात करावी. प्रत्येक ऑर्डरसमोर पाच रकाने पुरतात: कॉस्टिंगचा भाव, करारभाव, करार केलेले डॉलर, प्रत्यक्ष आलेले डॉलर आणि रद्द करताना भरलेले किंवा मिळालेले रुपये. मुदतीच्या दिवशीचा बाजारभाव हवा तर सहाव्या रकान्यात लिहावा, पण हिशेबनिसाला जाब विचारायचा तो पहिल्या पाचांवरून.